जर्मन कंपनीला अर्ज करताय? सोबतचा ई-मेल असा लिहा

पुणे-चाकणच्या पट्ट्यातून जर्मनीत अर्ज करणारे इंजिनिअर सीव्हीवर महिनाभर घासतात आणि सोबतचा मेल शेवटच्या पाच मिनिटांत उरकतात. मग एकतर ‘रेझ्युमे जोडला आहे, कृपया पाहावा’ अशी एकच ओळ जाते, नाहीतर दहावीच्या टक्क्यांपासून सुरू होणारं दीड पानाचं आत्मचरित्र. दोन्हीकडे राहून जातं ते एकच: समोरच्या माणसाला नेमकं काय जाणून घ्यायचं आहे, याचा विचार.

हा लेख एकच उदाहरण धरून पुढे जातो. समजा, चाकणच्या एका कारखान्यात चार वर्षं वेल्डिंग फिक्स्चर डिझाइन करणारी, जाधव आडनावाची मेकॅनिकल इंजिनिअर आहे. तिला श्टुटगार्टजवळच्या, अडीचशे माणसांच्या, मशिनरी बनवणाऱ्या एका कंपनीत डिझाइन इंजिनिअरच्या जागेसाठी अर्ज करायचा आहे. इंजिनिअर, कंपनी आणि जाहिरात कल्पित आहेत. नियम आणि आकडे खरे आहेत. बॉश किंवा मर्सिडीजसारख्या अवाढव्य कंपन्यांची गोष्ट मुद्दामच घेतलेली नाही. तिथे अर्ज पोर्टलवर भरायचा असतो आणि मेलचा प्रश्न फारसा येत नाही. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यातल्या मधल्या आकाराच्या, अनेकदा एकाच घराण्याच्या कंपन्या मात्र अजूनही मेलवर अर्ज घेतात, आणि तिथे मेल नीट वाचलाही जातो. (महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये याच राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आहे. तो मार्ग वेगळा. इथे आपण स्वतःहून थेट केलेल्या अर्जाबद्दल बोलतोय.)

मेल उघडतं कोण?

अडीचशे माणसांच्या कंपनीत एचआर म्हणजे दोन-तीन जण. त्यांच्यापैकी एक मेल उघडते, अर्ज साधारण जागेला जुळतो का बघते, आणि जुळला तर जोडलेली पीडीएफ डिझाइन विभागाच्या प्रमुखाकडे पुढे पाठवते. निवड प्रमुख करतो, पण त्याच्यापर्यंत अर्ज न्यायचा की नाही हे तिच्या हातात असतं. प्रमुखाला तुमचा मेल दिसेलच याची खात्री नाही. कधीकधी फक्त पीडीएफ पोचते. म्हणून मेल एचआरसाठी लिहायचा आणि प्रमुखाला जे सांगायचं ते पीडीएफमध्येही असलं पाहिजे.

आता त्या एचआरच्या बाईंच्या खुर्चीत बसून बघा. श्टुटगार्टमधल्याच माणसाचा अर्ज आला तर त्यांना एकच प्रश्न पडतो: हे काम याला येतं का? पुण्याहून अर्ज आला की आणखी तीन प्रश्न उभे राहतात. हिला इथे कामाचा परवाना मिळेल का, आणि त्यासाठी आम्हाला किती खटपट करावी लागेल? ही येणार कधी? आणि वर्कशॉपमधल्या आमच्या माणसांशी ही कोणत्या भाषेत बोलणार? ही उत्तरं मेलमध्ये नसतील तर त्या तुम्हाला विचारायला बसत नाहीत. ज्या अर्जात हे प्रश्नच नाहीत, असा पुढचा अर्ज उघडतात.

तेव्हा कव्हर मेलचं काम ठरलं: काम येतं हे दोन वाक्यांत दाखवायचं आणि न विचारलेल्या तीन प्रश्नांची उत्तरं आधीच देऊन ठेवायची. ही उत्तरं मिळवायला मात्र लिहायच्या आधी थोडी तयारी लागते. माझ्या मते निम्म्याहून जास्त काम तिथेच आहे.

पायरी पहिली: जाहिरात वाचा, शेवटपर्यंत

जर्मन जाहिरातीत कामाची वस्तू तळाशी असते. तिथे चार गोष्टी शोधा. अर्ज मेलने मागितलाय की पोर्टलवर? पोर्टल लिहिलं असेल तर पोर्टलच. अर्जदारांच्या माहितीबाबत तिकडचे गोपनीयतेचे नियम कडक आहेत, त्यामुळे भलत्या पत्त्यावर आलेला अर्ज सरळ बाजूला पडू शकतो. दुसरी गोष्ट, जागेचा क्रमांक. तो `Kennziffer` किंवा `Referenznummer` या शब्दाजवळ असतो. तिसरी, संपर्काच्या व्यक्तीचं नाव. चौथी, पगाराची अपेक्षा आणि रुजू होण्याची तारीख मागितली आहे का. त्यासाठी `Gehaltsvorstellung` आणि `Eintrittstermin` हे शब्द शोधा. हे मागितलेलं असूनही मेलमध्ये दिलं नाही, तर ‘हिने जाहिरात वाचलीच नाही’ असा अर्थ निघतो.

पदाच्या नावापुढे `(m/w/d)` दिसेल. पुरुष, स्त्री किंवा अन्य कोणीही अर्ज करू शकतं, एवढाच त्याचा अर्थ. ते स्वतःच्या मेलच्या विषयात उतरवू नका. तसे मेल बरेच जातात आणि कॉपी-पेस्ट लगेच ओळखू येतं.

जाहिरात कोणत्या भाषेत आहे तेही बघा. पूर्ण जर्मन जाहिरात असेल तर रोजचं काम जर्मनमध्ये चालतं असं समजायला हरकत नाही. मग मेल जर्मनमध्ये लिहावा का? माझं उत्तर: ज्या भाषेत तुम्ही उद्या आलेला फोन घेऊ शकता, त्या भाषेत लिहा. ए-दोनपर्यंत जर्मन झालेल्या माणसाने कोणाकडून तरी अस्खलित जर्मन मेल लिहून घेतला, की एचआर खुशाल जर्मनमध्ये फोन लावते आणि अर्ध्या मिनिटात सगळं उघडं पडतं. त्यापेक्षा स्वच्छ इंग्रजी आणि त्यात भाषेच्या पातळीचं एक खरं वाक्य कितीतरी बरं. बी-दोन झालं असेल तर मात्र बिनधास्त जर्मनमध्ये लिहा, फक्त कोणा जाणकाराकडून एकदा वाचून घ्या.

पायरी दुसरी: पदवी जर्मनीत चालते का, ते आधी बघा

परवान्याच्या प्रश्नाचं उत्तर इथून सुरू होतं. जर्मनीत परदेशी पदव्यांची एक सरकारी यादी आहे, `anabin.kmk.org`. तिथे दोन वेळा शोधायचं. आधी संस्थांच्या यादीत `Indien` निवडून आपलं विद्यापीठ काढायचं आणि त्याच्यापुढे `H+` आहे का बघायचं. मग पदव्यांच्या यादीत आपली पदवी काढायची आणि तिच्यापुढे `entspricht` किंवा `gleichwertig` असा शेरा आहे का बघायचं. दोन्ही जुळलं तर दोन्ही पानांची पीडीएफ काढून ठेवा. पुढे व्हिसासाठीही ती लागते. पदवी कॉलेजची नसते, विद्यापीठाची असते, त्यामुळे विद्यापीठाच्या नावाने शोधा.

विद्यापीठापुढे `H+/-` असेल किंवा पदवी यादीत नसेल, तर `ZAB` या जर्मन कार्यालयाकडून पदवीच्या मूल्यमापनाचं पत्र घ्यावं लागतं. त्याची फी 208 युरो आहे आणि त्यात वेळ जातो. पत्र हातात यायच्या आधी अर्ज करायला हरकत नाही, पण मग मेलमध्ये ‘मूल्यमापनासाठी अमुक महिन्यात अर्ज केला आहे’ असं खरं काय ते लिहा.

पायरी तिसरी: पगाराचा आकडा ठरवा

इथे आपली माणसं हमखास फसतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

पदवीधर परदेशी कर्मचाऱ्याला जर्मनीत मिळणारा सर्वांत सोयीचा परवाना म्हणजे ईयू ब्लू कार्ड. त्याला जर्मन भाषेची अट नाही, पण पगाराची किमान मर्यादा आहे. ही मर्यादा दर जानेवारीत बदलते, कारण ती पेन्शन वर्गणीच्या कमाल मर्यादेच्या टक्केवारीत ठरवली आहे. 2026 साठी ती वर्षाला 50,700 युरो आहे. मनुष्यबळ कमी असलेल्या व्यवसायांसाठी ती उतरते आणि 45,934.20 युरो होते. मेकॅनिकल इंजिनिअर या दुसऱ्या गटात बसतात. हे सगळे आकडे कर कापण्याआधीच्या वार्षिक पगाराचे.

आता आपली जाधव काय करते? चाकणला तिला वर्षाला आठ लाख रुपये मिळतात. ती मनाशी म्हणते, अडतीस हजार युरो मागितले तरी इथल्याच्या कितीतरी पट, आणि कमी मागितलं तर कंपनीही खूश. मेलमध्ये ती 38,000 लिहिते. वाचणाऱ्याला त्यातून दोन गोष्टी दिसतात. एक, या पगारावर ब्लू कार्ड मिळूच शकत नाही. पदवीधरांसाठी दुसरा साधा व्हिसा आहे खरा, पण तिथेही पगार त्याच कामाच्या जर्मन माणसाइतका आहे का हे रोजगार कार्यालय तपासतं, त्यामुळे स्वस्तात माणूस घेण्याची वाट तिकडूनही बंदच आहे. दुसरी गोष्ट, हिने तिकडचा बाजार बघितलेलाच नाही. कमी आकडा म्हणजे सवलत, हा हिशेब तिथे उलटा पडतो.

बरोबर रीत अशी: त्या भागातल्या, तेवढ्याच अनुभवाच्या डिझाइन इंजिनिअरला काय मिळतं ते जर्मन नोकरीच्या संकेतस्थळांवर बघायचं, आणि तो आकडा ब्लू कार्डच्या मर्यादेच्या वर आहे ना याची खात्री करायची. समजा जाधवने 52,000 ठरवले. लिहिताना वार्षिक, करापूर्वीचा, युरोमध्ये, एकच आकडा लिहायचा. ‘निगोशिएबल’ किंवा ‘अ‍ॅज पर कंपनी नॉर्म्स’ हे तिथे उत्तर धरलं जात नाही. सध्याचा पगार सांगूच नका. कोणी विचारलेला नसतो, आणि लाखातला आकडा त्यांना कळतही नाही. जर्मन मजकुरात हजारानंतर स्वल्पविरामाऐवजी टिंब येतं हेही ध्यानात ठेवा, जर्मनमध्ये 52.000 म्हणजे बावन्न हजारच.

जाहिरातीत पगार विचारलेला नसेल तर स्वतःहून लिहू नका. पण आकडा तयार ठेवा, पहिल्याच फोनवर विचारतात.

पायरी चौथी: येणार कधी, याचा हिशेब

‘इमिजिएट जॉइनर’ हे आपल्याकडे मोठं भूषण. पुण्याहून श्टुटगार्टला अर्ज करताना ते लिहिणं म्हणजे व्हिसा लागतो हेच माहीत नसल्याची कबुली. उलट नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड असेल तर त्याची अजिबात लाज वाटू देऊ नका. जर्मनीतही तीन महिन्यांची नोटीस नेहमीची आहे.

व्हिसा आणि नोटीस पिरियड बरोबरीने चालू शकतात. महाराष्ट्रातून अर्ज करणाऱ्यांचा व्हिसा जर्मनीच्या मुंबईतल्या वाणिज्य दूतावासाकडे जातो. कंपनीला घाई असेल तर जलद मार्गही आहे: कंपनी स्वतः तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात 411 युरो भरून प्रक्रिया सुरू करते, त्यांची पूर्वमंजुरी आली की दूतावासाला तीन आठवड्यांत भेटीची वेळ द्यावी लागते आणि त्यानंतर निर्णयही साधारण तीन आठवड्यांत येतो. लहान कंपन्यांच्या एचआरला हा मार्ग माहीत असेलच असं नाही. मात्र पहिल्याच मेलमध्ये कलमं शिकवत बसू नका. तुम्हाला तो माहीत आहे एवढं अर्ध्या वाक्यात दिसलं की पुरे.

जाधवची नोटीस दोन महिन्यांची आहे. तिने लिहावं: ‘करारावर सही झाल्यापासून साधारण चार महिन्यांत रुजू होऊ शकेन, यात नोटीस आणि व्हिसा दोन्ही धरले आहेत.’ एका वाक्यात एचआरचा दुसरा प्रश्न मिटला.

आता मेल

विषयाची ओळ आधी. एचआरच्या इनबॉक्समध्ये शंभर मेल असतात आणि त्या पदाच्या नावाने किंवा क्रमांकाने शोधतात. म्हणून पद, क्रमांक, आडनाव. बाकी काही नाही.

```
Application: Design Engineer (Fixtures), Ref. 2026-114, Jadhav
```

मेल जर्मनमध्ये असेल तर:

```
Bewerbung als Konstruktionsingenieurin, Kennziffer 2026-114, Jadhav
```

मग संबोधन. जाहिरातीत श्नायडर आडनावाच्या बाईंचं नाव दिलेलं असेल तर नावानेच सुरुवात करा. नाव नसेल तर खालची शेवटची ओळ.

```
Dear Ms Schneider,
Sehr geehrte Frau Schneider,
Sehr geehrte Damen und Herren,
```

जर्मनमध्ये संबोधनानंतर स्वल्पविराम येतो आणि पुढच्या ओळीचं पहिलं अक्षर लहान असतं, नाम नसेल तर. शेवटच्या `Mit freundlichen Grüßen` नंतर मात्र स्वल्पविराम नाही. या बारीक गोष्टी, पण जर्मनमध्ये लिहायचं ठरवलं की त्या पाळायच्याच. नुसत्या पहिल्या नावावरून बाई की बाप्या हे ठरवू नका. आंद्रेआ हे जर्मनीत बाईचं नाव आणि इटलीत पुरुषाचं. जाहिरातीत बहुधा `Frau` किंवा `Herr` लिहिलेलं असतं, ते बघा. आणि ‘रिस्पेक्टेड सर/मॅडम’ इथेच सोडून द्या. आपल्याकडे त्यात आदर आहे, तिकडे त्यातून एवढंच कळतं की हाच मेल आणखी चाळीस जणांना गेलाय.

मजकुराचा आशय मराठीत देतो. एक तर मुद्दे स्वच्छ दिसतात, आणि दुसरं म्हणजे कोणाला जसाच्या तसा उचलून चिकटवता येत नाही. जाधवने आधी लिहिलेला मेल असा होता:

‘आपल्या नामांकित संस्थेत संधी मिळावी म्हणून अर्ज करत आहे. मी मेहनती, प्रामाणिक आणि जिद्दी असून संघात काम करण्याची सवय आहे. मला डिझाइनचा चार वर्षांचा अनुभव आहे. मला जर्मन संस्कृतीची लहानपणापासून आवड आहे. माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा. रेझ्युमे जोडला आहे. कृपया आवश्यक ती कार्यवाही करावी.’

यात खोटं काहीच नाही आणि कामाचंही काही नाही. मेहनती नाही असं कोण लिहितं? ‘डिझाइनचा अनुभव’ म्हणजे कशाचं डिझाइन, किती मोठं, कुठल्या सॉफ्टवेअरवर? ‘सहानुभूतीपूर्वक विचार’ हा सरकारी अर्जाचा सूर आहे. तिथे एक कंपनी कामासाठी माणूस शोधतेय. दया मागितली की आपणच आपली किंमत उतरवतो.

तिने जाहिरात पुन्हा वाचली. कंपनीला रोबॉटिक वेल्डिंगच्या लाइनसाठी फिक्स्चर डिझाइन करणारं कोणीतरी हवं होतं, कॅटिया किंवा एनएक्स येणारं, आणि असेंब्लीच्या वेळी वर्कशॉपमध्ये उभं राहणारं. मग मेल असा झाला:

‘आपल्या जाहिरातीतल्या डिझाइन इंजिनिअरच्या जागेसाठी (क्रमांक 2026-114) अर्ज करत आहे. गेली चार वर्षं मी पुण्याजवळ, गाड्यांच्या बॉडी पार्टसाठी रोबॉटिक वेल्डिंगची फिक्स्चर कॅटिया व्ही-5 वर डिझाइन करते: संकल्पनेपासून टू-डी ड्रॉइंगपर्यंत, आणि ग्राहकाच्या लाइनवर चाचणी होईपर्यंत. गेल्या वर्षी दाराच्या चौकटीच्या एका फिक्स्चरमध्ये क्लॅम्पची रचना बदलल्यावर पार्ट बदलायचा वेळ 40 सेकंदांवरून 28 सेकंदांवर आला. त्या बदलाची ड्रॉइंग आणि चाचणी दोन्ही माझ्याकडे होती.

माझी बी.ई. मेकॅनिकल पदवी आणि विद्यापीठ अनाबिनच्या यादीत मान्य आहेत, त्यामुळे ईयू ब्लू कार्डसाठी मूल्यमापनाचं वेगळं पत्र लागणार नाही. करारावर सही झाल्यापासून साधारण चार महिन्यांत रुजू होऊ शकेन. यात नोटीस आणि व्हिसा दोन्ही धरले आहेत. माझी पगाराची अपेक्षा करापूर्वी वर्षाला 52,000 युरो आहे.

मी रोज इंग्रजीत काम करते. जर्मन सध्या ए-दोन आहे. पुण्यातल्या मॅक्स म्युलर भवनात बी-एकचा वर्ग सुरू आहे आणि परीक्षा जूनमध्ये आहे.

सीव्ही आणि प्रमाणपत्रं एका पीडीएफमध्ये जोडली आहेत. व्हिडिओवर बोलायला जर्मन वेळेनुसार सकाळी साडेआठ ते दुपारी एकपर्यंत मी सहज उपलब्ध आहे.’

एवढंच. इंग्रजीत साधारण दीडशे-पावणेदोनशे शब्द होतात, स्क्रोल न करता वाचून होतात.

आता यातल्या काही जागा जवळून बघा. 40 सेकंदांवरून 28 हा आकडा तिचा स्वतःचा, तिने मोजलेला आहे. मुलाखतीत विभागप्रमुख नेमकं तिथेच बोट ठेवणार: क्लॅम्प हाताचे होते की न्यूमॅटिक, वेळ कशात वाचला? उत्तर देता येईल तोच आकडा लिहा. ‘उत्पादकता तीस टक्क्यांनी वाढवली’ असली वाक्यं लिहून पुढे ‘कशाची उत्पादकता?’ या प्रश्नावर गप्प बसण्यापेक्षा आकडा नसलेला बरा. दुसरं, ग्राहकाचं नाव तिने घेतलेलं नाही. ऑटोमोबाइलच्या पुरवठादारांकडे ड्रॉइंग आणि मॉडेल गोपनीय असतात. तुम्ही जुन्या कंपनीची माहिती उघड करता असं दिसलं, तर उद्या आमचीही कराल, असा विचार वाचणारा करतो. नमुना म्हणून खऱ्या कामाचं ड्रॉइंग जोडणं तर साफ टाळा.

तिसरं, पदनाम. आपल्याकडे असिस्टंट मॅनेजर म्हणजे हाताखाली कोणी नसलेला इंजिनिअरही असू शकतो. तिकडे मॅनेजर म्हटलं की माणसं सांभाळणारा. म्हणून मेलमध्ये पदनाम न लिहिता काम लिहावं. गुणांचंही तसंच. 8.2 सीजीपीए असं मोकळं लिहू नका. जर्मनीत 1.0 सर्वांत चांगला आणि 4.0 जेमतेम पास, त्यामुळे 8.2 बघून वाचणारा चक्रावतो. सीव्हीत ‘10 पैकी 8.2, 10 सर्वोत्तम’ असं लिहा. मेलमध्ये गुण नकोतच.

भाषेच्या वाक्यात पातळी, वर्ग आणि परीक्षेचा महिना तिन्ही आहेत. ‘जर्मन शिकायची तयारी आहे’ हे सगळेच म्हणतात. वर्गात नाव घातलेलं आणि परीक्षा ठरलेली असली की ते वाक्य खरं वाटतं. नाव घातलं नसेल तर अर्जाच्या आधी घाला.

जोडपत्र

एकच पीडीएफ, पाच एमबीच्या आत. जाहिरातीत वेगळी मर्यादा दिली असेल तर ती पाळा. आधी सीव्ही, मग पदवी, मग अनुभवपत्रं, शेवटी भाषेचं प्रमाणपत्र. जाहिरातीत `Anschreiben` म्हणजे वेगळं अर्जपत्र मागितलं असेल तर ते पीडीएफचं पहिलं पान करा. मग मेल चार-पाच ओळींचा ठेवा आणि वरचा तपशील पत्रात घाला. तोच मजकूर दोन्हीकडे नको.

फाइलच्या नावात मोकळी जागा, `ü` सारखी खास जर्मन अक्षरं आणि `final_new2` असले अवशेष नकोत.

```
Bewerbung_Jadhav_2026-114.pdf
```

झिप फाइल आणि वर्ड फाइल अनेक कंपन्यांचा मेल सर्व्हर अडवतो, आणि गूगल ड्राइव्हची लिंक परक्या माणसाकडून आली तर एचआरने ती उघडू नये अशाच सूचना असतात. मार्कलिस्टचे स्कॅन जड होतात. ग्रे रंगात, दीडशे डीपीआयवर स्कॅन केले तर आठ सेमिस्टरही सहज मावतात. शाळेची प्रमाणपत्रं, जातीचा दाखला, आधार, पॅन यातलं काही जोडू नका. वडिलांचं नाव आणि लग्न झालंय की नाही हेही सीव्हीत नको. भेदभावाविरुद्धचा जर्मन कायदा 2006 पासून आहे, आणि अशी माहिती समोर आली की एचआरच अवघडते. फोटोची सक्ती नाही. अजूनही बरेच जण लावतात, तुम्ही लावला तरी चालेल, पण मग मोबाइलवरची सेल्फी नको.

पाठवण्याआधी

मेल आधी स्वतःलाच पाठवा आणि फोनवर उघडा. पीडीएफ उघडते का, पानं आडवी तर नाहीत ना, पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी कॉलेजात उघडलेल्या खात्याचं काही भलतंच नाव तर झळकत नाही ना, हे तिथे लगेच दिसतं. सहीत फोन नंबर `+91` सकट लिहा.

एका मेलला एकच कंपनी. दहा कंपन्या बीसीसीत टाकून पाठवलेला मेल ओळखू येतो, कारण ‘प्रति’च्या जागी तुमचंच नाव असतं.

वेळेचं म्हणाल तर उन्हाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, हिवाळ्यात साडेचार. मंगळवार ते गुरुवार, आपल्याकडची दुपार, म्हणजे त्यांची सकाळ, ही चांगली वेळ. शुक्रवारी दुपारनंतर तिकडची ऑफिसं ओस पडतात. बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये शाळांची मोठी सुट्टी जुलैच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत असते, आणि नाताळापासून 6 जानेवारीपर्यंतही फारसं काही हलत नाही. त्या दिवसांत पाठवलेला अर्ज फुकट जात नाही, पण उत्तर उशिरा येतं.

जाहिरातीत संपर्काचा फोन नंबर दिला असेल तर अर्जाआधी फोन करायला हरकत नाही. मात्र विचारायला खरा प्रश्न हवा: ‘या जागेसाठी बी-एक जर्मन पुरेल का?’ हा खरा प्रश्न. ‘माझी प्रोफाइल बघाल का?’ हा नाही.

पाठवल्यानंतर

पहिल्या दिवसा-दोन दिवसांत अर्ज मिळाल्याचा छापील उत्तरासारखा मेल येतो. तो निवडीचा नव्हे. नंतर दोन-तीन आठवडे शांतता असते आणि त्या शांततेचा काही अर्थ नसतो. तीन आठवड्यांनी त्याच मेलच्या साखळीत उत्तर देऊन दोन ओळी लिहा: अमुक तारखेला या क्रमांकासाठी अर्ज केला होता, निवड कोणत्या टप्प्यावर आहे ते कळू शकेल का? दरम्यान काही नवं घडलं असेल, समजा बी-एकचा निकाल आला, तर तो जोडा. मग स्मरणपत्राला निमित्तही मिळतं. एकदाच. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘एनी अपडेट?’ नको, आणि लिंक्डइनवर शोधून विभागप्रमुखाला तेच विचारणंही नको.

नकार आला तर त्यात बहुतेक वेळा कारण नसतं. भेदभावाच्या दाव्याचा धोका नको म्हणून कंपन्या मुद्दामच कारण लिहीत नाहीत, त्यामुळे विचारूनही काही हाती लागत नाही. धन्यवादाची एक ओळ पुरे. त्याच कंपनीत पुढे वेगळी जागा निघाली तर नव्याने अर्ज करता येतो, आणि तो करावाच.

`+49` ने सुरू होणारा मिस्ड कॉल दिसला तर तो त्यांचा असू शकतो. मेल उघडून आधी लेखी उत्तर द्या आणि सोयीची वेळ कळवा. स्पॅमचा फोल्डरही रोज बघा. उलट, निवड झाली म्हणून कोणी व्हिसाच्या किंवा ‘प्रोसेसिंग’च्या नावाने स्वतःच्या खात्यात पैसे मागितले, तर तो मेल त्या कंपनीचा नाही. व्हिसाचे 75 युरो तुम्ही अर्जाच्या वेळी भरता, कंपनीच्या माणसाला देत नाही.

शेवटची गोष्ट अर्ज पाठवल्याच्या दिवशीच करून टाका. जाहिरातीचं पान पीडीएफ करून, पाठवलेला मेल आणि जोडलेली फाइल यांच्याबरोबर एका फोल्डरमध्ये ठेवा. मुलाखतीचं बोलावणं येईपर्यंत जाहिरात संकेतस्थळावरून उतरलेली असते, आणि विभागप्रमुख प्रश्न विचारतो ते त्याच जाहिरातीतल्या कामांवरून.